१०४ रुपये २५ पैसे, पण खात्यातून गेले जास्त

समजा, कोणी रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून दहा लाख रुपये दर्शनी मूल्याचे सरकारी रोखे घेतले. पडद्यावर नाव होते 7.18% GS 2033. हा रोखा केंद्र सरकारने १४ ऑगस्ट २०२३ रोजी काढला आणि त्याची परतफेड १४ ऑगस्ट २०३३ रोजी व्हायची आहे. व्याजदर वर्षाला ७.१८ टक्के, आणि ते व्याज दर सहा महिन्यांनी, १४ फेब्रुवारी आणि १४ ऑगस्टला, निम्मे निम्मे मिळते. शंभर रुपयांच्या रोख्याचा भाव पडद्यावर १०४ रुपये २५ पैसे दिसला, असे उदाहरणापुरते धरू. म्हणजे दहा लाखांच्या रोख्याचे १०,४२,५०० रुपये व्हायला हवेत. प्रत्यक्षात खात्यातून १०,६१,८४६ रुपये ११ पैसे गेले.

वरचे १९,३४६ रुपये कुठे गेले? पहिल्यांदा रोखा घेणाऱ्याला हा प्रश्न पडतोच, आणि बहुतेकांचा पहिला संशय दलालीवर जातो. पण ही दलाली नाही, कर नाही आणि कोणती छुपी फीही नाही. ते पैसे रोखा विकणाऱ्याला मिळाले, आणि त्याचा त्यांच्यावर पुरता हक्क होता.

व्यवहार २० मे रोजी झाला आणि २१ मे रोजी पुरा झाला, असे समजू. सरकारी रोख्यांच्या बाजारात आज सौदा केला की पैसे आणि रोखा यांची अदलाबदल पुढच्या कामाच्या दिवशी होते. सौद्याचा पुरा होण्याचा हा दिवस म्हणजे सेटलमेंट, आणि व्याजाचा हिशेब याच दिवसावर टांगलेला असतो. आधीचे व्याज विकणाऱ्याला १४ फेब्रुवारीला मिळून गेले होते. तेव्हापासून २० मेपर्यंत रोखा त्याच्याच नावावर होता आणि त्या रोख्यावर रोज थोडे थोडे व्याज चढत होते. मात्र सरकार व्याज रोजच्या रोज देत नाही. ते १४ ऑगस्टला सहा महिन्यांचे एकरकमी देईल, आणि देईल त्या दिवशी ज्याच्या नावावर रोखा असेल त्याला, म्हणजे नव्या मालकाला. जुन्या मालकाने मध्ये किती दिवस रोखा सांभाळला, याच्याशी सरकारला देणेघेणे नाही. तो हिशेब दोघांनी आपसात, सौद्याच्या वेळीच मिटवायचा असतो.

सरकारी रोख्यांसाठी आपल्याकडे महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे धरतात. १४ फेब्रुवारी ते १४ मे हे तीन महिने म्हणजे ९० दिवस, आणि १४ मे ते २१ मे हे ७ दिवस, मिळून ९७. वर्षाचे व्याज शंभराला ७.१८ रुपये, त्याला ९७ ने गुणून ३६० ने भागले की १.९३४६ रुपये येतात. दहा लाखांवर हेच १९,३४६ रुपये ११ पैसे होतात. बाजारात याला अॅक्रूड इंटरेस्ट म्हणतात. मराठीत साचलेले व्याज म्हटले तर अर्थ चटकन कळतो. बँकेच्या ट्रेझरीत ब्रोकन पीरियड इंटरेस्ट हा शब्द जास्त ऐकू येतो.

पडद्यावरचा १०४.२५ हा भाव साचलेले व्याज वगळून सांगितलेला असतो. ती क्लीन प्राइस. व्याज मिळवून प्रत्यक्षात द्यावे लागतात ते १०६.१८ रुपये ही डर्टी प्राइस. डर्टी या शब्दात गैर काही नाही.

आता १४ ऑगस्ट उजाडतो. नव्या मालकाच्या खात्यात सहा महिन्यांचे पूर्ण व्याज, ३५,९०० रुपये, जमा होते. त्यातले १९,३४६ रुपये त्याने मे महिन्यात आधीच मोजलेले आहेत. म्हणजे त्याची स्वतःची कमाई १६,५५३ रुपये ८९ पैसे. त्याने रोखा उरलेले ८३ दिवस सांभाळला, आणि ८३ दिवसांचे व्याज काढले तर नेमके तेवढेच येते. ३५,९०० हा आकडा पाहून ‘तीन महिन्यांत साडेतीन टक्क्यांहून जास्त’ असा हिशेब करणारे भेटतात. व्याजाच्या तारखेच्या आठवडाभर आधी रोखा घेऊन सहा महिन्यांचे व्याज पदरात पाडण्याची युक्तीही अधूनमधून कोणीतरी सुचवतो. ती युक्ती चालत नाही, कारण जवळजवळ पूर्ण व्याज तुम्ही आदल्याच आठवड्यात विकणाऱ्याला मोजलेले असते.

साचलेले व्याज द्यावे लागते ते फक्त दुसऱ्याकडून रोखा घेताना, असेही नाही. केंद्र सरकार दर वेळी नवा रोखा काढत नाही. जुनाच रोखा पुन्हा पुन्हा लिलावात आणते. रिटेल डायरेक्टमधून अशा लिलावात दहा हजार रुपयांपासून भाग घेता येतो. सरकारकडून थेट घेतोय तर मधले व्याज कशाला, असे वाटून घेणारा गोंधळतो. पण पुढच्या तारखेला सरकार त्यालाही सहा महिन्यांचे पूर्ण व्याज देणार असते. जे दिवस त्याने पैसे दिलेलेच नव्हते, त्यांचे व्याज सरकार आधीच परत घेते, एवढाच त्याचा अर्थ.

मग प्रश्न उरतो की हे दोन भाव ठेवायचेच कशाला? द्यायचे १०६.१८ असतील तर पडद्यावरही १०६.१८ का दाखवत नाहीत?

व्याजासकटच्या भावाचे वागणे पाहिले की याचे उत्तर मिळते. बाजारातला व्याजदर तसूभर हलला नाही आणि क्लीन प्राइस १०४.२५ वरच थांबली, असे क्षणभर धरू. १४ फेब्रुवारीला डर्टी प्राइसही १०४.२५ असेल. मग ती रोज सुमारे दोन पैशांनी चढत जाईल. २१ मे रोजी १०६.१८, आणि १२ ऑगस्टला १०७.८०. १३ ऑगस्टला या रोख्याचा सौदा पुराच होत नाही, कारण व्याज कोणाला द्यायचे याची यादी पक्की करण्यासाठी तारखेच्या आदल्या दिवशी रोखा हस्तांतराला बंद असतो. याला शट पीरियड म्हणतात. आणि १४ ऑगस्टला भाव एकदम १०४.२५ वर येईल. दोन दिवसांत साडेतीन रुपयांची घसरण, आणि घडले काय, तर व्याज वाटले गेले. गाभण म्हशीचा भाव वीण जवळ येईल तसा चढतो आणि रेडकू वेगळे झाल्यावर उतरतो. म्हशीचे दूध चांगले की वाईट, हे त्या चढउतारावरून कळत नाही.

हा भाव कागदावर काढला तर करवतीच्या दात्यांसारखी रेषा दिसेल. बाजारात शेकडो सरकारी रोखे आहेत आणि प्रत्येकाची व्याजाची तारीख वेगळी. कोणाचे दाते आज खाली येतील, कोणाचे तीन आठवड्यांनी. अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणानंतर भाव खरोखर वाढले की नुसते व्याज साचले, हे डीलरला आकडा पाहून सांगता येणार नाही. क्लीन प्राइस हे दाते काढून टाकते. तिच्यात उरतात त्या मुख्यतः दोन गोष्टी. एक म्हणजे बाजारातल्या व्याजदराची चाल: दर वाढले की भाव खाली, दर उतरले की भाव वर. दुसरी म्हणजे शंभराकडे होणारी हळू ओढ. शंभरापेक्षा ४ रुपये २५ पैसे जास्त देऊन घेतलेल्या रोख्याचे २०३३ मध्ये शंभरच मिळणार आहेत, त्यामुळे हे सव्वाचार रुपये वर्षांमागून वर्षे झिजत जाणार.

यात एक खोच आहे. भाव सांगायला क्लीन प्राइस सोयीची असली, तरी परतावा काढताना ती चालत नाही. खिशातून जातात ते १०६.१८ आणि पुढे मिळणारी सगळी व्याजे आणि मुद्दल यांची आजची किंमत त्या १०६.१८ शीच जुळली पाहिजे. वरच्या उदाहरणात असा हिशेब केला तर परिपक्वतेपर्यंतचा परतावा सुमारे साडेसहा टक्के येतो. पहिले व्याज पूर्ण ३.५९ रुपये धरायचे आणि भाव मात्र १०४.२५ घ्यायचा, ही चूक एक्सेलच्या घरगुती तक्त्यांत सर्रास दिसते. त्याने परतावा फुगतो, कारण साचलेले व्याज फुकट मिळाले असे गृहीत धरले जाते.

दिवस मोजण्याच्या पद्धतीकडे पुन्हा वळू, कारण तिथे थोडी गंमत आहे. ३० दिवसांचा महिना हा कागदी सोयीचा महिना आहे, कॅलेंडर त्याला जुमानत नाही. आपलाच रोखा घ्या. २८ फेब्रुवारीला सौदा पुरा झाला तर साचलेले दिवस १४. तोच १ मार्चला पुरा झाला तर दिवस १७, कारण फेब्रुवारीही तीसचाच धरायचा. लीप वर्ष नसेल तर मध्ये एकच रात्र गेली, आणि दहा लाखांवर साचलेले व्याज वाढले ५९८ रुपयांनी, म्हणजे तीन दिवसांचे. याची भरपाई ३१ तारखा करतात. ३१ दिवसांच्या महिन्याच्या अखेरीस एक दिवस असा जातो की रोखा हातात असतो पण साचलेले व्याज तिथेच थांबलेले असते. सहा महिन्यांचा मेळ शेवटी १८० वरच बसतो, म्हणून कोणी फारसे कुरकुरत नाही.

कंपन्यांच्या रोख्यांना ही कागदी पद्धत लागू नाही. तिथे सेबीच्या नियमाने प्रत्यक्ष दिवस मोजून वर्षाच्या प्रत्यक्ष दिवसांनी भागतात. म्हणून सरकारी रोख्याचे गणित शिकून कोणी कंपनीच्या रोख्याचा सौदा तपासायला बसला तर काही रुपयांचा फरक येतो आणि उगाच ठपका ठेवला जातो. सौद्याचा कागद तपासायचा तर तीनच गोष्टी आधी पाहाव्यात: शेवटचे व्याज कोणत्या तारखेला दिले गेले, सौदा कोणत्या तारखेला पुरा झाला, आणि दिवस कोणत्या पद्धतीने मोजले. सौद्याची तारीख आणि सेटलमेंटची तारीख यांची अदलाबदल झाली की एका दिवसाचा फरक येतो. शुक्रवारी सौदा करून सोमवारी पुरा झाला तर तीन दिवसांचा. जुळत नसलेल्या हिशेबाचे कारण बहुतेक वेळा इथेच सापडते.

आणखी एक बारीक गोष्ट, जी सहसा सांगितली जात नाही. साचलेले व्याज सरळ रेषेत वाढते, रोज सारखेच. पैशाची किंमत मात्र चक्रवाढीने वाढते. शिवाय विकणाऱ्याला त्याचा वाटा आजच मिळतो. घेणाऱ्याला तो १४ ऑगस्टला परत मिळणार आणि मधल्या दिवसांचे त्यावर काहीच मिळत नाही. म्हणजे घेणारा विकणाऱ्याला बिनव्याजी उचल देतो. बाजार ही गोष्ट क्लीन प्राइसमध्ये थोडी घट करून वसूल करतो. बाजाराचा परतावा नेमका ७.१८ टक्के असेल, तर व्याजाच्या तारखेला हा रोखा बरोबर शंभरला मिळायला हवा. पण बरोबर तीन महिन्यांनंतर, परतावा तोच असूनही, हिशेबाने डर्टी प्राइस येते १०१.७७९२. त्यातून साचलेले १.७९५ वजा केले की क्लीन प्राइस ९९.९८४२ उरते, शंभराला दीड पैशाहून थोडी जास्त घट. पुढच्या तारखेपर्यंत ती पुन्हा शंभरावर येते. दहा लाखांवर हे १५८ रुपये, किरकोळ. पण मोठ्या सौद्यांचा नेहमीचा घाऊक आकडा पाच कोटींचा असतो, आणि तिथे हा फरक सुमारे ७,९०० रुपये होतो. तेव्हा क्लीन प्राइस ही पूर्ण स्वच्छ नाही, जवळजवळ स्वच्छ आहे. ती एक ठरवून घेतलेली रीत आहे. रोख्याची खरी किंमत म्हणजे व्याजासकट मोजलेली रक्कमच.

ही रीतही सगळीकडे एकसारखी पाळली जात नाही. सरकारी रोख्यांचे मोठे व्यवहार ज्या एनडीएस-ओएम या यंत्रणेवर होतात, तिथे भाव क्लीन असतो. पण शेअर बाजारात शेअरांच्याच पद्धतीने विकले जाणारे कंपन्यांचे अनेक किरकोळ डिबेंचर व्याजासकटच्या भावानेच खरेदी-विक्री होतात. तिथे पडद्यावर दिसते तेवढेच द्यायचे, वर साचलेले व्याज नाही. दोन ठिकाणचे भाव शेजारी ठेवून एक महाग आणि दुसरा स्वस्त ठरवणे म्हणूनच धोक्याचे असते. भाव कुठल्या जातीचा आहे हे ओळखायचे असेल तर मागच्या व्याजाच्या सुमारास तो कसा वागला ते पाहावे. व्याजाच्या रकमेएवढा एकदम खाली आला असेल तर तो व्याजासकटचा भाव. जागचा हलला नसेल तर क्लीन.

कंपन्यांच्या रोख्यांत आणखी एक वळण येते. तिथे व्याज कोणाला द्यायचे हे व्याजाच्या तारखेला नव्हे, तर तिच्या १५ दिवस आधीच्या रेकॉर्ड डेटला ठरते. त्या दिवसानंतर पण व्याज वाटण्याआधी रोखा विकला, तर पूर्ण व्याज विकणाऱ्यालाच मिळते, ज्या दिवसांत रोखा त्याच्याकडे नव्हता त्या दिवसांचेही. मग हिशेब उलटा फिरतो. समजा, एक लाख दर्शनी मूल्याचा ९ टक्क्यांचा रोखा व्याजाच्या तारखेला १० दिवस उरले असताना घेतला. त्या १० दिवसांचे व्याज २४६ रुपये ५८ पैसे खरे तर घेणाऱ्याचे. ते भावातून वजा होते. सौद्याच्या कागदावर साचलेल्या व्याजापुढे उणे चिन्ह दिसले तर ती छापण्यातली चूक नाही, त्याचा अर्थ हा आहे.

या सगळ्यात हिशेबापेक्षा जास्त वाद कराने घातला. बँका रोजच रोखे घेतात आणि विकतात. घेताना मोजलेले साचलेले व्याज हा बँकेचा खर्च धरून त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करायचे, की रोख्याच्या खरेदी किमतीचा भाग समजायचे? रिझर्व्ह बँकेचे बँकांना सांगणे असे, की ही रक्कम रोख्याच्या किमतीत मिसळू नका, नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दाखवा. आयकर खात्याचे म्हणणे वेगळे होते. त्याच्या हातात सर्वोच्च न्यायालयाचा विजया बँकेचा निकाल होता: रोख्यासाठी मोजलेली सगळी रक्कम ही किंमतच, आणि तिचा एक तुकडा बाजूला काढून मिळालेल्या व्याजातून वजा करता येणार नाही. म्हणजे १९,३४६ रुपये देऊन ३५,९०० मिळवले, तरी कर पूर्ण ३५,९०० वर. मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या प्रकरणात यातून वाट काढली आणि बँकेचा धंदाच रोख्यांचा असेल तेव्हा ही वजावट मान्य केली. तरीही वेगवेगळ्या राज्यांत खटले चालूच राहिले. अखेर १६ ऑक्टोबर २०२४ रोजी बँक ऑफ राजस्थानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की बँकेने रोखे व्यापारी माल म्हणून ठेवले असतील तर घेताना दिलेल्या मधल्या व्याजाची वजावट मिळेल. गुंतवणूक म्हणून ठेवले असतील तर नाही.

घरात बसून दहा लाखांचा रोखा घेणारा माणूस व्यापारी नसतो, गुंतवणूकदार असतो. त्यामुळे त्याच्या वाट्याला विजया बँकेचाच तर्क येतो. १४ ऑगस्टचे ३५,९०० रुपये त्याच्या उत्पन्नात पूर्ण धरले जातात, आणि मे महिन्यात मोजलेले १९,३४६ रुपये खरेदी किमतीत जातात. विकताना किंवा २०३३ मध्ये परतफेड होताना त्याची किंमत १०,४२,५०० नव्हे तर १०,६१,८४६ रुपये धरायची. पण त्या वेळचा भांडवली तोटा हा तेव्हाच्या व्याजातून वजा होत नाही, भांडवली नफा असेल तरच त्यातून होतो. म्हणून ज्याच्या उत्पन्नावर तीस टक्के दराने कर लागतो, त्याला व्याजाच्या तारखेच्या तोंडावर रोखा घेणे हिशेबाने समसमान दिसले तरी करात महाग पडते. व्याज वाटून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तोच रोखा तेवढ्याच क्लीन प्राइसला मिळत असेल, तर तो घेतलेला बरा. वर्ष कोणते, दर कोणता हे बदलत राहते, तेव्हा मोठ्या रकमेच्या आधी सनदी लेखापालाला विचारावे, आणि सौद्याचा तो कागद मात्र २०३३ पर्यंत जपून ठेवावा, कारण साचलेल्या व्याजाचा आकडा त्यावरच छापलेला असतो.